एक-चौदाचा उतारा पडद्यावर

मामलेदार कचेरीत कारकुनी करत रिटायर झालो, त्यामुळे गावात कुणाच्या जमिनीचा कागद असला की लोक अजून माझ्याकडेच येतात. आमच्या डिचोली भागातल्या वाचनालयाने सांगितलं, एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातल्या जमिनीचा सर्व्हेचा कागद, कसा वाचायचा यावर अर्धा तास बोला, प्रोजेक्टर आहे, स्लाइड करून आणा. बोलायचं काय ते तोंडपाठ होतं. स्लाइड मात्र आयुष्यात केली नव्हती. नात कॉलेजात आहे, ती चवथीच्या सुट्टीत घरी होती म्हणून तिला बसवली शेजारी.

आधी मी सगळं भाषणच टाइप करून आणलेलं, कचेरीतल्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये, कारण बोटांना तोच कीबोर्ड ठाऊक. ते स्लाइडवर चिकटवलं तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसायला लागली. नात म्हणाली, आजोबा हा फॉन्ट युनिकोड नाही, आतून ही इंग्रजी अक्षरंच आहेत, वर मराठीचा फक्त मुखवटा, त्यामुळे ज्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नाही तिथे असंच दिसणार. म्हणजे वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर पण हेच झालं असतं. मग युनिकोडमध्ये परत टाइप करायचं ठरलं, पण तिने आधी विचारलं की एवढं सगळं टाइप तरी कशाला, तुम्ही बोलणारच आहात ना? लोक वाचत बसले तर तुमचं ऐकणार कधी? मला पटायला वेळ लागला, कारण आमच्या खात्यात जे लिहिलेलं नाही ते झालेलंच नाही असं धरायची सवय. शेवटी ठरलं की स्लाइडवर फॉर्म दिसेल आणि शब्द माझ्या तोंडात राहतील.

म्हणून मी घरच्याच जमिनीचा उतारा स्कॅन करून अख्खा स्लाइडवर लावला. बाहेरच्यांसाठी सांगतो, गोव्यात ग्रामीण सर्व्हेचा जो उतारा मिळतो तो फॉर्म एक आणि चौदा, सगळे एक-चौदाच म्हणतात. एकाच कागदावर वर तालुका, गाव, शेताचं नाव, सर्व्हे नंबर, सबडिव्हिजन, मग क्षेत्रफळाचे रकाने (भातशेती, खाजन, केर, मोरड वगैरे), खाली ऑक्युपंट, कूळ, इतर हक्क आणि पिकांचा तक्ता. स्लाइडवर हे सगळं मुंग्यांसारखं दिसत होतं. मी म्हटलं जवळून दिसतं की! तर तिने हिशेबच घातला. वाचनालयात पडदा साधारण सहा फूट रुंद, शेवटची खुर्ची तीस फुटांवर, म्हणजे पडद्याच्या रुंदीच्या पाचपट. लॅपटॉपचा स्क्रीन जेमतेम एक फूट रुंद, तेव्हा पाच फूट मागे जाऊन उभे राहा आणि वाचा. उभा राहिलो. सर्व्हे नंबरसुद्धा दिसेना, आणि ऐकायला येणारे सगळे माझ्याच वयाचे!

यावर तिने जी युक्ती केली ती मला फार आवडली. पहिल्या स्लाइडवर अख्खा फॉर्म ठेवला, वाचायला नाही, फक्त कुठे काय आहे ते कळायला. मग `Ctrl+D` करून त्याच स्लाइडची नक्कल, तिच्यावर अर्धपारदर्शक काळे चौकोन टाकले आणि फक्त एक खण उघडा ठेवला. पुढच्या स्लाइडवर तोच खण कापून पडदाभर मोठा. असं प्रत्येक खणाचं, आधी तो कागदावर कुठे आहे आणि मग त्यात काय लिहिलंय. मला आधी तो खण फिकट पिवळा करून दाखवायचा होता, पण ती म्हणाली उजेड असलेल्या खोलीत पांढऱ्यावरचा फिकट पिवळा प्रोजेक्टरवर दिसतच नाही, त्यापेक्षा बाकीचं काळं करा.

क्षेत्रफळाच्या खणाला मी दोन स्लाइड जास्त मागून घेतल्या, कारण लोक हमखास अडकतात ते तिथेच. उताऱ्यावर आकडा येतो 0000.12.75 असा. पहिले चार आकडे हेक्टर, मधले दोन आर, शेवटचे दोन चौरस मीटर. एक आर म्हणजे 100 चौरस मीटर, तेव्हा हे झालं 12 गुणिले 100 अधिक 75, एकूण 1275 चौरस मीटर. लोक याला पावणेतेरा चौरस मीटर समजतात नाहीतर पावणेतेरा हेक्टर, आणि मग विकताना भांडणं. स्लाइडवर तिने तीन तुकडे तीन रंगांत केले आणि एकेक करून आणले, क्लिक केलं की पुढचा. बाकी उडणारी फिरणारी अक्षरं तिने घालूच दिली नाहीत, मी एक हळूच घातलेलं ते पण काढलं.

आता नावांचं. ऑक्युपंटच्या रकान्यात माझी, भावांची, वारलेल्या काकांची अशी सगळी नावं, आणि ती पडद्यावर नको होती. कोर्टकज्जा नाही, पण गाव आहे ना. मी म्हटलं क्रॉप करून टाक, दिसायची नाहीत. तिने केलं, आणि लगेच परत `Crop` वर क्लिक करून दाखवलं तर कापलेला सगळा भाग नावांसकट मागे तसाच! क्रॉप म्हणजे नुसतं झाकणं, फाइल दुसऱ्याला दिली की तो उघडून बघू शकतो. काळा चौकोन ठेवला तरी तेच, उचलला की खाली नाव. `Compress Pictures` मध्ये `Delete cropped areas of pictures` वर टिक केली की कापलेलं खरंच जातं, पण चौकोनाखालचं राहतंच. म्हणून तिने पेंटमध्ये चित्रावरच नावं पुसली, तिथे नाव क, नाव ख असं लिहिलं, नवीन चित्र म्हणून सेव्ह केलं आणि तेच सगळ्या स्लाइडना लावलं. कचेरीत आम्ही खाडाखोडीवर सही घ्यायचो कारण खालचं दिसलं पाहिजे, इथे उलटं.

वाचनालयाचा प्रोजेक्टर जुना, चौकोनी चित्राचा, म्हणून फोन करून विचारून स्लाइडचा आकार आधीच 4:3 केला, नाहीतर वरखाली काळे पट्टे येऊन अक्षरं आणखी बारीक. पीडीएफची एक कॉपी पेनड्राइव्हवर घेतली. पीडीएफमध्ये क्लिकने येणारे तुकडे एकदमच दिसतात, पण फॉन्ट तरी बिघडत नाही.

कार्यक्रम बरा झाला. ऑक्युपंटच्या रकान्यावर वेळ जास्त गेला, कारण तिथलं नाव म्हणजे मालकीचा शेवटचा शब्द असं बरेच जण धरून बसतात, तर तसं नाही, ती नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानतात एवढंच, विक्रीखत आणि पोर्तुगीज काळातली जुनी नोंदणी बघावीच लागते. हे सांगताना मी कीबोर्डवरचं `B` दाबलं, पडदा काळा झाला आणि लोक माझ्याकडे बघायला लागले, हे पण तिनेच शिकवलेलं. परत `B` दाबलं की स्लाइड येते.

शेवटी मागून एकाने विचारलं, भाऊ, तो बाराचा आकडा परत दाखवा. सगळ्या स्लाइड मागे पळवत बसायची गरज नव्हती, नंबर कागदावर लिहून ठेवलेले, 7 दाबून `Enter` केलं आणि थेट ती स्लाइड. मग त्यांनी खिशातून स्वतःचा उतारा काढला, दोघांनी मिळून आकडा लावला, 850 चौरस मीटर निघाला. ते 85 धरून बसले होते.