एका वार्षिक अहवालातील तीन आकडे तपासताना

ज्या कंपनीचे समभाग मी काही काळापासून बाळगून आहे, तिच्या वार्षिक अहवालाच्या सुरुवातीच्या पानावर तीन आकडे ठळकपणे छापले होते: प्रति समभाग उत्पन्न, म्हणजे ईपीएस, १२ रुपये, लाभांश वाटपाचे गुणोत्तर ५० टक्के, आणि पीई, म्हणजे समभागाचा भाव भागिले ईपीएस, १५. वर्षाचा एकूण लाभांश ५ रुपये असल्याचे त्याच पानावर होते. १२ रुपयांतून ५ रुपये वाटले, तर वाटप साधारण ४२ टक्के होते, ५० नव्हे. हे तीन आकडे एकाच हिशेबातून आलेले नाहीत एवढे यावरून दिसले, आणि मी अहवालाच्या मागच्या भागातील टिपांकडे वळलो.

प्रथम ईपीएस घेतला. एकत्रित नफा-तोटा पत्रकात वर्षाचा नफा १३२ कोटी होता, परंतु त्यातील ६ कोटी उपकंपन्यांमधील बाहेरच्या भागधारकांचे होते. त्यामुळे अंशस्थानी १२६ कोटी हाच आकडा येतो. छेदाबाबत अधिक जपावे लागते. ताळेबंदात वर्षअखेरचे ११ कोटी समभाग दिसतात आणि त्यांनी भागल्यास ११.४५ रुपये येतात. मात्र भागभांडवलाच्या टिपेनुसार वर्षारंभी १० कोटी समभाग होते आणि उरलेले १ कोटी बरोबर सहा महिन्यांनी रोखीने विकले गेले. नव्या समभागांचा पैसा अर्धेच वर्ष कंपनीच्या हाती असल्याने त्यांची गणना अर्धीच होते. अशी भारित सरासरी १०.५ कोटी आणि ईपीएस नेमका १२ रुपये निघतो. (हे समभाग बोनसचे असते, तर पैसा आलेलाच नसल्यामुळे ते वर्षारंभापासूनच धरले असते आणि मागील वर्षाचा ईपीएसही त्या प्रमाणात कमी करून दाखवावा लागला असता.) पहिला आकडा, अशा रीतीने, जुळला.

वाटपाचे गुणोत्तर मात्र सरळ सुटले नाही. रोख प्रवाह पत्रकात लाभांशापोटी ४५ कोटी दिल्याची नोंद होती, पण त्यात मागील वर्षाच्या अंतिम लाभांशाचे २५ कोटी आणि या वर्षीच्या अंतरिम लाभांशाचे २० कोटी होते. या वर्षीचा अंतिम लाभांश वार्षिक सभेच्या मंजुरीनंतर द्यायचा असल्याने तो वर्षअखेरीस देणे म्हणून नोंदवला जात नाही. केवळ टिपेत सांगितला जातो. तेथे ११ कोटी समभागांवर प्रत्येकी ३ रुपये, म्हणजे ३३ कोटी होते. नवे समभाग येण्यापूर्वी १० कोटी समभागांवर दिलेला २ रुपयांचा अंतरिम लाभांश मिळवला, की वर्षाचा लाभांश ५३ कोटी होतो. १२६ कोटींशी त्याचे प्रमाण ४२ टक्केच राहते.

मग ५० टक्के कोठून आले? संचालकांच्या अहवालाला जोडलेल्या लाभांश धोरणात याचे उत्तर होते: कंपनी हे गुणोत्तर उपकंपन्या वगळून केवळ स्वतःच्या नफ्यावर मोजते, आणि तो नफा १०६ कोटी होता. ही पद्धत गैर म्हणता येणार नाही, कारण लाभांश मूळ कंपनीच्याच नफ्यातून द्यायचा असतो. परंतु एकत्रित ईपीएसच्या शेजारी ते छापताना आधार वेगळा असल्याची एक ओळ तरी द्यायला हवी होती, असे माझे मत आहे.

पीईमध्ये भागाकार बरोबर होता: वर्षअखेरचा भाव १८० रुपये, भागिले १२. तथापि अहवाल हाती येईपर्यंत भाव २१० रुपयांवर गेला होता, म्हणजे त्या दिवशीचा पीई १७.५ होता. त्याहून महत्त्वाची बाब नफा-तोटा पत्रकातील ‘अपवादात्मक बाबी’ या ओळीत होती. एका पूर्ण मालकीच्या उपकंपनीने जमीन विकून २८ कोटींचा फायदा मिळवला होता. ही ओळ करापूर्वीची असते. म्हणून ती जशीच्या तशी वजा न करता कराच्या टिपेतून त्यावरचा ७ कोटींचा कर शोधला आणि २१ कोटी वजा केले. उरलेल्या १०५ कोटींवर ईपीएस १० रुपये येतो आणि २१० रुपयांच्या भावाला पीई २१ होतो. जमीन पुन्हा पुन्हा विकता येत नसल्यामुळे याच व्यवसायातील इतर कंपन्यांशी तुलना करताना मी १५ ऐवजी २१ धरला. त्या इतर कंपन्यांच्या नफ्यातूनही असे एकवेळचे फायदे-तोटे काढावे लागले, अन्यथा ती तुलना एकतर्फी झाली असती.

याच १०५ कोटींवर लाभांशाचे प्रमाण जवळजवळ ५० टक्के येते. कंपनीच्या आकड्याशी ते जुळणे हा निव्वळ योगायोग आहे. दोन्हींचे छेद सर्वस्वी वेगळे आहेत आणि पुढील वर्षी ते जुळतीलच असे नाही.