'दीक्षा: हो / नाही' या कॉलमने केलेला घोळ

वेगवेगळ्या धर्मांत बायकांना कितपत अधिकार मिळतो, यावरचा माझा लिटरेचर रिव्ह्यू परवा मॅडमनी चाळला आणि शेवटी एक्सेल शीटच्या एका कॉलमवर बोट ठेवलं, 'दीक्षा: हो / नाही'. म्हणाल्या, ह्या करीमाबाईंपुढे 'नाही' का?

करीमा अल-मरवझिया म्हणजे अकराव्या शतकात मक्केत बुखारींचा हदीससंग्रह, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींचा संग्रह, शिकवणारी बाई. खतीब अल-बगदादीसारखा मोठा विद्वान हजला आला तेव्हा त्याने पाच दिवसांत तिच्यापुढे तो अख्खा संग्रह वाचून काढला, आणि विद्यार्थ्याची प्रत स्वतःच्या मूळ प्रतीशी ताडून बघितल्याशिवाय करीमा तो संग्रह पुढे सांगायची परवानगीच देत नसे. आणि माझ्या शीटमध्ये ती 'अधिकार नाही'! कारण मी धर्मानुसार चॅप्टर पाडले होते आणि मोजपट्टी मात्र चर्चमधून उचललेली, दीक्षा असेल तरच अधिकार.

मग दुपारभर धर्म मोडून थीम लावत बसलो. पहिली थीम निघाली 'साखळी', आणि इथेच डोकं चक्रावलं. हदीसमध्ये कोणी कोणाकडून ऐकलं ही साखळी असते. कोर्टातल्या साक्षीचे नियम बाईसाठी वेगळे, पण ऐकलेलं पुढे सांगताना ती विश्वासार्ह आहे ना एवढंच बघतात, त्यामुळे साखळीत बाई बिनधास्त चालते (फतवा काढणं, न्यायनिवाडा ही वेगळी गोष्ट, तिथे हा अधिकार आपोआप जात नाही, आणि काही पेपर हा फरक सरळ गुंडाळून टाकतात).

थेरवाद या बौद्ध परंपरेतही साखळीच, पण तिथे तीच बाईला अडवते. भिक्षुणी व्हायला भिक्षुणीसंघ आणि भिक्षुसंघ दोन्ही लागतात, आणि श्रीलंकेतला भिक्षुणीसंघ अकराव्या शतकाच्या आसपास संपला. नवीन भिक्षुणी करायला जुनी भिक्षुणी हवी, ती आणायची कुठून? १९९८ मध्ये बोधगयेत तैवानच्या भिक्षुणींच्या मदतीने श्रीलंकन बायकांना दीक्षा दिली. विरोधक म्हणाले, तुमचा विनय, म्हणजे संघाची नियमावली, धर्मगुप्तक पंथाचा, आमचा थेरवादी, हे चालणार नाही. समर्थकांचं उत्तर मला फार आवडलं, की पाचव्या शतकात चीनमध्ये भिक्षुणींची परंपरा नेली कोणी, तर सिंहली भिक्षुणींनीच, म्हणजे आमचंच आम्ही परत आणतोय.

संध्याकाळी मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, बरं, पण भूतान? २०२२ मध्ये तिथे १४४ जणींना फक्त भिक्षूंनी पूर्ण दीक्षा दिली. दोन संघांची अट मानणाऱ्यांसाठी साखळी अपुरी, आणि बुद्धाने भिक्षूंना तशी परवानगी दिली होती या विनयातल्या वाक्यावर भर देणाऱ्यांसाठी पुरी.

'हो / नाही' कॉलम डिलीट केला. त्याजागी 'कोण मानतं, कोण नाही' टाकलाय, आणि आता सगळ्या ओळी परत भरायच्यात.