मोटर द्यायला आलाईस का पॅनेल विकायला?

सांगलीजवळ कुपवाडच्या एमआयडीसीत आमचं मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरींत नवी तार भरायचं दुकान आहे. आबांनी सुरुवात केली ती विहिरीवरच्या पाच एचपीच्या पाणबुड्या मोटरींपासून. मी आणि धाकटा भाऊ आल्यावर कारखान्यांच्या मोटरी यायला लागल्या. आज सहा माणसं कामाला आहेत, मागच्या बाजूला व्हार्निश सुकवायची भट्टी आहे, आणि हळदीच्या हंगामात रात्री दोनपर्यंत दिवा चालू असतो.

ऑगस्ट २०१९ च्या पुरानंतर दुकानासमोर गाळानं भरलेल्या मोटरींची रांग लागली होती. तेव्हा आबांनी एक नियम घातला. आधी मोटर स्वच्छ धुवायची, भट्टीत वाळवायची, इन्सुलेशन मोजायचा मेगर लावायचा. रीडिंग चांगलं आलं तर बेअरिंग बदलून परत द्यायची, उगीच वाइंडिंग फाडायचं नाही. त्या महिन्यात दुसऱ्यांच्या मानानं आमचं बिल कमी झालं. पण आज जी माणसं आमच्याकडे येतात त्यातली बरीच तेव्हा नवी तार न भरताच मोटर परत घेऊन गेलेली आहेत.

हे सांगायचं कारण, गरज नसलेलं काम गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचं नाही हा त्या नियमाचा अर्थ, आणि त्यानंतर दोनच वर्षांत मी स्वतः तो मोडला.

झालं असं की १ एप्रिल २०२० पासून महावितरणनं वीस किलोवॅटच्या वरच्या कारखान्यांचं बिल साध्या युनिटऐवजी केव्हीएएचवर करायला सुरुवात केली. सोप्या भाषेत सांगायचं तर मोटर खरं काम करायला जेवढी वीज खाते तेवढेच युनिट आधी बिलात मोजले जायचे, आता चुंबक उभं करायला जी वीज नुसती ये-जा करते तिचाही भार बिलात दिसतो. खऱ्या कामाच्या विजेचं एकूण विजेशी जे प्रमाण त्याला पॉवर फॅक्टर म्हणतात. तो ०.८३ असेल तर नऊ हजार युनिट वापरणाऱ्याला जवळपास १०,८४० युनिटचं बिल येतं. ही ये-जा करणारी वीज जागेवरच पुरवणारे चांगले कपॅसिटर लावले तर हा फरक जवळजवळ बुजतो. आम्ही रोज लोकांच्या पॅनेलसमोर उभे असतो, त्यामुळे कपॅसिटर तपासायचं आणि बदलायचं काम आपणच का करू नये, असं भावानं सुचवलं. कल्पना चांगली होती. मांडायची पद्धत मात्र मी बिघडवली.

एका जुन्या गिऱ्हाइकाची तीस एचपीची मोटर ऐन हंगामात जळाली. आम्ही दीड दिवसात भरून दिली. टेम्पोतून मोटर उतरवताना मी बिलाच्या पाकिटातच लोडप्रमाणे कपॅसिटर आपोआप चालू-बंद करणाऱ्या ऑटोमॅटिक कपॅसिटर पॅनेलचं कोटेशन घातलं, आणि वर बोललो, "पॉवर फॅक्टर सुधारला की मोटरी जळायच्या बंद होतील." मालकांनी कोटेशन उलटं करून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "मोटर द्यायला आलाईस का पॅनेल विकायला?" पुढची मोटर त्यांनी दुसरीकडे दिली.

त्यांचा राग दोन गोष्टींवर होता आणि दोन्ही बरोबर होत्या. पहिली वेळेची. मोटर जळली की आमचा धंदा होतो, हे गिऱ्हाइकाला पक्कं ठाऊक असतं. ज्या दिवशी त्याचा माल अडकलाय, मजूर बसून आहेत, त्या दिवशी तुम्ही अजून एक खर्च पुढे केलात तर तो संधी साधल्यासारखाच दिसणार. दुसरी गोष्ट जास्त लाजिरवाणी, कारण मी बोललो ते चूक होतं. पॅनेलवर कपॅसिटर लावल्यानं बिल कमी होतं, मोटरीचं वाइंडिंग वाचत नाही. ती मोटर सिंगल फेजिंगनं, म्हणजे तीनपैकी एक फेज तुटल्यानं गेली होती. डेल्टा जोडणीत चालणाऱ्या मोटरीला एक फेज मिळाला नाही की एकाच फेजचे कॉइल काळे पडतात, बाकीचे दोन जवळपास तसेच राहतात. ते काळे कॉइल मी स्वतः कापून काढले होते. तरीही पॅनेल खपवायला तोंडातून भलतंच निघालं. मालकांना वाइंडिंग कळत नसेल, पण माणूस ओढूनताणून बोलतोय हे कळायला वाइंडिंग कळावं लागत नाही.

त्यानंतर वर्षभर आम्ही हा विषयच काढला नाही. मग जुलैमध्ये अण्णा या दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या हळद पावडरच्या गिरणीत गेलो. हंगाम संपलेला, मशिनं धुवून ठेवलेली, आम्ही बेअरिंगना ग्रीस भरायला गेलेलो. अण्णांचं लाईटबिल टेबलावर पडलेलं होतं. मी एवढंच म्हणालो, "अण्णा, बिलात एक गोष्ट दिसतीया. मागची तीन बिलं द्या, घरी बसून बघतो. नाही दिलीत तरी काय अडत नाही."

त्यांनी दिली. परवानगी मागून कागद घेतला की समोरचा माणूस आपल्या बाजूला बसतो, हे तेव्हा कळलं. आधीच्या वेळी मी न मागता कागद हातात कोंबला होता.

तीन बिलांत हंगामातला एप्रिल नमुन्याला घेतला. युनिट ९,०००, बिल झालेले केव्हीएएच १०,८४०. गिरणी महिन्याला साधारण सव्वादोनशे तास चालते, म्हणजे सरासरी लोड ४० किलोवॅट. पॉवर फॅक्टर ०.८३ वरून ०.९८ ला न्यायचा तर साधारण १९ केव्हीएआर क्षमतेचे कपॅसिटर कमी पडत होते. पण अण्णांच्या पॅनेलवर पाच-पाचचे सहा कपॅसिटर आधीच लावलेले होते! मग कमी का?

मी परत गेलो आणि प्रत्येक कपॅसिटरला तारेभोवती अडकवून करंट मोजायचा क्लॅम्प मीटर लावला. पाच केव्हीएआरचा कपॅसिटर ४४० व्होल्टला तिन्ही फेजमध्ये साधारण साडेसहा अँपिअर खातो. दोन कपॅसिटर सव्वासहाच्या आसपास दाखवत होते. एकाचे तिन्ही फ्यूज उडालेले. उरलेल्या तिघांत एखाद्या फेजला शून्य, बाकीच्यांत दीड-दोन अँपिअर. सहापैकी चार नावाला लटकलेले. डबा फुगलेला नव्हता, तेलही गळत नव्हतं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. (मीटर लावताना पॅनेल चालूच ठेवावं लागतं, पण कपॅसिटरला हात लावायच्या आधी स्विच बंद करून आत साठलेली वीज उतरेपर्यंत थांबायचं, मग टर्मिनल तपासायचं. आमच्या एका पोरानं एकदा घाई केली आणि आठवडाभर हात हलवत फिरला.)

आता कोटेशन द्यायची वेळ. भाऊ म्हणाला, ऑटोमॅटिक पॅनेल सुचवूया. मी एका पानावर तीन ओळी लिहिल्या. चार कपॅसिटर बदला, हे काम तुमचा इलेक्ट्रिशियनही करू शकतो, माल कुठूनही घ्या. आम्ही केलं तर एवढे पैसे. ऑटोमॅटिक पॅनेल तुमच्या गिरणीला नको, कारण तुमचा लोड दिवसभर जवळपास सारखाच असतो, क्षणाक्षणाला बदलत नाही. खाली हिशेब: १०,८४० चे सुमारे ९,१८० झाले तर १,६६० युनिट वाचतील, युनिटला आठ रुपये धरले तर हंगामातल्या महिन्याला तेरा हजारांच्या आसपास. "नको" लिहिलेली ओळ अण्णांनी दोनदा वाचली. मग विचारलं, "मग तुमचं यात काय?" मी म्हणालो, "काम आम्हाला दिलंत तर थोडं, आणि वर्षातनं एकदा क्लॅम्प मीटर लावायला बोलावलंत तर दीड हजार." आणि गप्प बसलो. गप्प बसणं हे मला सगळ्यात अवघड गेलं.

तीन आठवडे फोन आला नाही. मीही केला नाही. फोन करायचाच होता तर त्याला कारण हवं, नुसतं "काय ठरलं?" नको. मग अण्णांचाच निरोप आला, या.

हंगाम सुरू झाला आणि पूर्ण महिन्याचं पहिलं बिल आलं. सांगितलेल्या तेरा हजारांऐवजी साडेसात हजारच वाचले होते. मी बिल आलं त्याच दिवशी स्वतःहून गेलो, अण्णांनी विचारायच्या आधी. मीटरवर लीडिंगचं, म्हणजे कपॅसिटरनं उलट ढकललेल्या विजेचं रीडिंग वाढलेलं होतं. नवा ऑपरेटर पाच रात्री मोटरी बंद करून गेला, पण कपॅसिटरचा स्विच तसाच चालू. मोटर बंद असताना कपॅसिटर उलट्या बाजूनं वीज ढकलतो, आणि केव्हीएएच काढताना मोटरीचा लॅग आणि कपॅसिटरचा लीड दोन्ही धरले जातात. पंधरा-पंधरा तास तीस केव्हीएआर विनाकारण चालू राहिले होते. आधी फक्त दोन कपॅसिटर जिवंत होते म्हणून अशी चूक झाली तरी बिलावर एवढी दिसली नसती, आता सहा जिवंत झाल्यावर महाग पडली. हे मला आधी सुचायला हवं होतं. आम्ही कॉन्टॅक्टर, म्हणजे आपोआप चालू-बंद होणारा एक स्विच बसवून कपॅसिटर हळद दळणाऱ्या मोठ्या पल्व्हरायझरच्या स्टार्टरला जोडले, मोटर बंद की तेही बंद. कॉन्टॅक्टरचे पैसे घेतले, मजुरी घेतली नाही. पुढच्या बिलात आकडा १२,८०० च्या घरात आला.

आता आमची पद्धत ठरली आहे. मोटर जळालेल्या दिवशी दुसऱ्या कुठल्याही कामाचं बोलायचं नाही, फक्त का जळली ते सांगायचं आणि कापलेले कॉइल दाखवायचे. बाकीचं जुलै-ऑगस्टमध्ये, ग्रीस भरायच्या फेरीत. ज्यांचा पॉवर फॅक्टर ०.९७ च्या वर आहे त्यांना "काही करू नका" एवढंच लिहून देतो, त्याचे पैसे घेत नाही. भावाला अजून वाटतं की हा वेळ फुकट जातो. त्याचं म्हणणं पूर्ण चूक नाही, मागच्या फेरीत चौदा जणांची बिलं पाहिली, काम निघालं पाच जणांचं.

गेल्या महिन्यात अण्णा मेहुण्याला घेऊन आले. त्यांची शेवयांची गिरण, सगळ्या मिळून पंधरा एचपीच्या मोटरी. अण्णांनी कौतुकानं बिल पुढे केलं, "यांचंबी बघा." त्यांच्या गिरणीत जाऊन बघितलं. लोड वीस किलोवॅटच्या आत, म्हणजे बिल साध्या युनिटवर. कपॅसिटर बदलून त्यांच्या बिलात काहीच फरक पडणार नव्हता. तसं सांगितलं. पाहुणे जरा हिरमुसले, मग म्हणाले, "मग आलाच हायसा तर या मोटरीचा आवाज तरी ऐका." बेअरिंगच होतं. मोटर टेम्पोत घातली आणि घेऊन आलो.