आंबा घाटात तापलेली गाडी आणि चार लिटर पाणी

मे महिन्यातल्या एका दुपारी मी आणि बाबा रत्नागिरीहून कोल्हापूरकडे निघालो होतो. साखरपा मागे पडून आंबा घाट सुरू झाला आणि चार-पाच वळणांतच एसीतून गार वारा येणे थांबले. पाठोपाठ गाडीत गोडसर वास पसरला. काही वर्षांपूर्वी एका मेकॅनिकने मला सांगितले होते की असा गोड वास म्हणजे इंजिन गार ठेवणारे कूलंट कुठेतरी गरम भागावर सांडत असल्याची खूण. टेम्परेचरच्या काट्याने तोवर लाल पट्टा गाठला होता, तेव्हा रुंद जागा दिसताच गाडी कडेला घेऊन मी इंजिन बंद केले.

बॉनेट उघडले तर रेडिएटरच्या वरच्या होज पाईपच्या टोकाला, अगदी क्लिपच्या कडेशी, चीर गेलेली होती आणि तिच्यातून वाफ निघत होती. बाबा पाण्याची बाटली हातात घेऊन लगेच झाकणाकडे वळले. "अगं, पाणी घालू आणि निघू, ॲम्बेसिडर आयुष्यभर पाण्यावरच चालवली की आम्ही," असे ते म्हणाले. मी त्यांना थांबवले. झाकणाखाली दाब असतो, आणि त्या दाबामुळेच आतले द्रव शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळलेले नसते. झाकण सैल होताच ते एकदम उकळून तोंडावर येते. शिवाय इंजिनच्या तापलेल्या ॲल्युमिनियमच्या हेडवर गार पाणी पडले तर हेड वाकण्याची किंवा त्याला तडा जाण्याची भीती असते. म्हणून आम्ही पाऊण तास थांबलो. पाईप फडक्याने दाबल्यावर मऊ लागला आणि रेडिएटरच्या वरच्या भागावर हात ठेवता आला, तेव्हाच मी झाकण हळूहळू उघडले.

चीर टोकालाच होती, हे आमचे नशीब. क्लिप सैल करून पाईप काढला, चिरलेला इंचभर तुकडा सुरीने कापून टाकला आणि उरलेला पाईप पुन्हा नळीवर चढवून क्लिप आवळली. चीर पाईपच्या मधोमध असती तर नुसत्या पाण्याने आम्ही पुढच्या वळणापर्यंतही पोहोचलो नसतो.

मग प्रश्न आला पाण्याचा. आमच्याकडे पॅकबंद पाण्याच्या लिटरच्या दोन बाटल्या होत्या. त्या ओतूनही रेडिएटर भरला नाही, म्हणून बाबा खालच्या वळणावरच्या चहाच्या टपरीवरून बोअरचे पाणी घेऊन आले. येताना त्यांनी सांगितले की टपरीवाल्याच्या पातेल्याच्या आत पांढरा थर जमलेला आहे. पाणी जड असल्याचा याहून सोपा पुरावा नाही, आणि तोच थर इंजिनच्या आतल्या अरुंद वाटांमध्येही बसतो. तरीही ते पाणी मी घातले, कारण कोरडे इंजिन काही मिनिटांत बाद होते, तर जड पाण्याचे नुकसान हळूहळू होते. भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवला, इंजिन चालू करून बुडबुडे निघू दिले आणि पातळी खाली गेली तशी भर घातली. बुडबुडे काही वेळाने थांबले, याचेही मला हायसे वाटले. ते येतच राहिले असते किंवा ऑइल दुधाळ झाले असते तर हेड गॅस्केट गेल्याची शंका घ्यावी लागली असती.

एकूण चार लिटर पाणी गेले. या गाडीच्या कूलिंग सिस्टिममध्ये सहा लिटर मावतात. म्हणजे आत उरलेले कूलंट दोनच लिटर होते आणि तेही निम्मे पाणी असलेले, त्यामुळे खरे कूलंट जेमतेम एक लिटर, म्हणजे सहावा हिस्सा उरला. कूलंटऐवजी पाणी किती दिवस चालेल, या प्रश्नाचे उत्तर मी अशा हिशेबातूनच काढते. रिझर्व्ह टाकीत फक्त अर्धा लिटर चांगले पाणी घालावे लागले असते तर पन्नास टक्क्यांचे प्रमाण सेहेचाळीसच्या आसपास आले असते, आणि गळती नसेल तर ते पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत तसेच ठेवायला हरकत नव्हती. सहाव्या हिश्श्यावर मात्र गंज रोखणारी द्रव्ये फार पातळ झालेली असतात, त्यात बोअरचे क्षारही मिसळलेले. अशा वेळी एक-दोन दिवसांत कूलंट बदलून घ्यावे, असे माझे मत आहे. आम्ही मनालीकडे निघालो असतो तर मी तेवढीही सवड घेतली नसती, कारण रात्री पाणी गोठले की ते फुगते आणि इंजिनचा ब्लॉक फोडते.

बाबांना हे अतिरेकी वाटत होते. त्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही. उष्णता वाहून नेण्यात साधे पाणी कूलंटपेक्षा सरसच असते. पण त्यांच्या ॲम्बेसिडरचे ब्लॉक आणि हेड जाड बिडाचे होते आणि तांबूस गंजाचे पाणी काढून टाकणे हा तिच्या देखभालीचाच भाग होता. आजचे हेड आणि रेडिएटर ॲल्युमिनियमचे असतात, रेडिएटरच्या नळ्यांचा पत्रा पातळ असतो, आणि तिथे गंजाने भोक पडले तर बहुधा रेडिएटरच बदलावा लागतो. साधे पाणी उकळतेही लवकर, आणि झाकणाचा दाब टिकला नाही तर घाटमाथ्यावर शंभर अंशांच्या थोडे आधीच. म्हणून एसी बंद ठेवून, काट्यावर नजर ठेवत मी सावकाश गाडी हाकली. हीटर चालूच होता, त्यामुळे दोघेही घामाने निथळत होतो. पण त्यातून गरम वारा येतो आहे तोवर आत पाणी फिरते आहे, एवढी खात्री होती. तो अचानक गार झाला असता तर काटा खाली दिसला तरी मी थांबले असते, कारण सेन्सरभोवती पाणीच नसेल तर काटाही फसवतो.

मलकापूरला थांबून क्लिप तपासली आणि संध्याकाळी कोल्हापुरात एका गॅरेजमध्ये पोहोचलो. "चालतंय की, वर्षभर काय होत न्हाई," असे मेकॅनिक म्हणाले, पण माझा आग्रह पाहून कामाला लागले. नवा पाईप बसवला. सगळे पाणी सोडून डिस्टिल्ड वॉटर भरले, इंजिन गरम करून, निवल्यावर तेही सोडले, आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत हे पुन्हा केले.

यानंतर बहुतेक ठिकाणी जी चूक होते, ती इथेही होणार होती. खालून चारच लिटर निघाले होते; दोन लिटर डिस्टिल्ड वॉटर ब्लॉकमध्ये अडकून राहिले होते. त्यावर चार लिटर तयार कूलंट, म्हणजे आधीच निम्मे पाणी असलेले, ओतले असते तर सहा लिटरांत खरे कूलंट दोनच लिटर, म्हणजे तेहेतीस टक्के झाले असते. म्हणून मी पाणी न मिसळलेले कूलंट तीन लिटर आणि डिस्टिल्ड वॉटर एक लिटर घालायला सांगितले. कूलंटचा प्रकार रंगावरून न ठरवता गाडीच्या पुस्तिकेतून पाहिला, कारण एकाच रंगाची कूलंट वेगवेगळ्या रसायनांची असू शकतात. हिशेब ऐकून मेकॅनिक हसले आणि म्हणाले, "ताई, तुम्हीच या की गॅरेजला."

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन गार असताना पाहिले तर आत अडकलेली हवा निघून पातळी बोटभर खाली गेली होती. उरलेल्या मिश्रणातले थोडे घालून ती खुणेपर्यंत आणली, पाईपच्या दोन्ही टोकांवरून कोरडे फडके फिरवले, आणि ते कोरडेच निघाल्यावर आम्ही पुण्याच्या रस्त्याला लागलो.