मामांच्या हातातले चार जोड

आज चपलांचं दुकान भावावर सोडून भर पावसात, कोल्हापुरी चपला शिवणाऱ्या मामांच्या घरी गेलो. गेल्या साली श्रावणात "मामा, नवरात्राला 200 जोड लागतील हं," एवढं तोंडी बोलून आलो होतो. घटस्थापनेच्या तोंडावर हातात पडले 80. अंबाबाईला आलेलं गिऱ्हाईक चप्पल लाईनीत पायाचं माप सांगत होतं आणि मी बॉक्स उचकत होतो. तेव्हा मामांवर चिडलो. पण दुसऱ्यानं रोख इसार दिला होता, मी नुसता शब्द. त्यांनी काय करायचं?

म्हणून यंदा जोड मागितलेच नाहीत, दिवस मागितले. घरातली तिघं मिळून रोज 9 जोड काढतात. त्यातले 4 माझे, आठवड्याचे 6 दिवस, भाद्रपदापासून 5 आठवडे. म्हणजे 120. मामा लगेच म्हणाले, "आत्ताच करून ठिवू की, हात रिकामंच हायती." मोह झाला. पण पावसात शिवलेला तळ वाळत नाही, वरून कोरडा दिसतो आणि टाचेच्या थरात ओल राहते. मामांनी माळ्यावरचा एक जोड काढून माझ्या गालाला लावला. गार लागला. शिवणीत पांढरी बुरशी होतीच. तेव्हा ठरलं, आत्ता फक्त चामडं घेऊन ठेवायचं, शिवण पाऊस उघडल्यावर.

दुसरं ठरलं ते अर्धवट मालाचं. पुरे जोड साठवले की नेमकी नको ती डिझाईन उरते. म्हणून कान बसवून तळ शिवून ठेवायचे, पट्टा आणि अंगठा मागाहून. वेणीचा पट्टा चालतोय की साधा, हे पहिल्या माळेपर्यंत कळतं. मापाचं मात्र तसं नाही, तळ कापला की माप ठरलं. म्हणून 7, 8, 9 एवढ्याच मापांचे तळ. 6 आणि 10 चं चामडं न कापता ठेवायचं.

पैशावर मामा जरा गप्प झाले. शेवटी चामड्याचे 30,000 आज दिले. दर शनिवारी दुपारपर्यंत मी पुढच्या आठवड्याचं काम सांगायचं. नाही सांगितलं तर ते दिवस मामांचे, कुणालाही द्यावेत. दिवाळीच्या पाडव्यापर्यंत मी न उचललेल्या तळांची शिलाई माझ्या अंगावर, तळ मामांचे. ही अट मीच घातली. नाहीतर जोखीम सगळी त्यांच्याच घरात पडून राहते, आणि मग रोखीचं गिऱ्हाईक आलं की कोण थांबेल?

वहीवर दोघांनी सह्या केल्या. मामींनी चहा दिला. निघताना मामा म्हणाले, "शनवारी फोन करा बरं का, न्हाईतर मी वाट बघणार न्हाई."

मोबाईलमध्ये दर शनिवारचा गजर लावलाय. दुपारी बाराचा.