बाहेर गेलेला संचालक अकरा मिनिटं बोलत होता

फेब्रुवारीच्या २५ तारखेला दुपारी आमच्या ट्रेनीने इतिवृत्ताचा मसुदा माझ्या टेबलावर ठेवला. दुसऱ्या दिवशी महाशिवरात्रीची सुट्टी होती आणि तिला संध्याकाळच्या गाडीने गावी जायचं होतं. मसुदा चांगला होता, भाषा नीट होती. मी सहाव्या विषयापर्यंत आले आणि थांबले. तिथे लिहिलं होतं, ‘संचालक क यांनी गोदामाच्या भाड्याबाबत सविस्तर माहिती दिली व प्रस्तावाचे समर्थन केले.’

मी पुण्यात एका कंपनी सेक्रेटरी मॅडमच्या कार्यालयात काम करते. ही बैठक भोसरीच्या एका पब्लिक कंपनीची होती. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी झालेली संचालक मंडळाची सभा, काही संचालक कंपनीच्या मीटिंग रूममध्ये आणि काही झूमवर. (नावं देत नाही, अक्षरं वापरते.) सहावा विषय होता चाकणचं एक गोदाम भाड्याने घेण्याचा. ते गोदाम ज्या भागीदारी फर्मचं, तिच्यात क स्वतः भागीदार. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १८४ नुसार पब्लिक कंपनीच्या अशा हितसंबंधी संचालकाने आपलं हित सांगायचं आणि त्या विषयाच्या चर्चेत भाग घ्यायचा नाही. गणपूर्तीत, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान उपस्थितीतही, तो धरला जात नाही. आणि आमच्या मसुद्यात तोच माणूस प्रस्तावाची बाजू मांडत होता. असा मसुदा सगळ्या संचालकांकडे गेला असता तर कंपनीने स्वतःच्या हाताने कायदेभंगाची कबुली लिहून दिल्यासारखं झालं असतं.

“मॅडम, ट्रान्सक्रिप्टमध्ये तसंच आहे,” ट्रेनी मला म्हणाली. आणि खरंच होतं तसं.

कंपनीच्या सेक्रेटरी सभेला हजर होत्या, पण लगेच नंतर शस्त्रक्रियेसाठी रजेवर गेल्या होत्या. आमच्याकडे चारच गोष्टी आल्या होत्या: रेकॉर्डिंग, झूमने आपोआप तयार केलेली ट्रान्सक्रिप्टची फाइल, कोण कधी आलं-गेलं त्याचा रिपोर्ट, आणि हजेरीपत्रकाचा फोटो. मसुदा सभेनंतर १५ दिवसांत संचालकांकडे जायला हवा, म्हणजे १ मार्चपर्यंत. हातात चार दिवस होते.

ट्रेनीने केलं काय, तर मूळ फाइल उघडली, आकडे आणि वेळा काढून टाकल्या आणि एकाच नावाखालची सलग वाक्यं जोडून परिच्छेद केले. वाचायला सोपं होतं म्हणून सगळेच असं करतात, मीही पूर्वी करत असे. पण मूळ फाइल अशी दिसते:

```
412
00:58:41.300 --> 00:58:45.870
Director K: What is the rate compared to the present one?

413
00:58:46.200 --> 00:58:51.040
Director K: Sir, present is 22, this one is 19.
```

क प्रश्न विचारतोय आणि क च उत्तर देतोय, तेही स्वतःलाच ‘सर’ म्हणून. दोन तुकडे वेगळे असताना हे डोळ्यात भरतं. परिच्छेद जोडला की प्रश्न आणि उत्तर एकाच माणसाच्या तोंडी सरळ वाहतात आणि वाचणाऱ्याला वाटतं की तो स्वतःच मुद्दा मांडून उलगडून सांगतोय. म्हणून बोलणाऱ्यांची नावं पक्की होईपर्यंत तुकडे जोडायचे नाहीत. जोडल्यावर माणूस कुठे बदलला ती खूणच पुसली जाते.

झूम आवाज ओळखून नाव लावतं असा अनेकांचा समज असतो. साधारणपणे तसं होत नाही. आवाज ज्या लॉगिनमधून आला, त्या लॉगिनवर जे नाव दिसतं तेच ट्रान्सक्रिप्टमध्ये येतं. एका लॅपटॉपसमोर पाच माणसं बसली तर पाचही जण एकाच नावाने बोलतात. मी ट्रेनीला म्हटलं, “अगं, क खोलीत होते की त्यांचा लॅपटॉप खोलीत होता, ते आधी शोधू.”

रिपोर्ट पाहिला तर क यांचं लॉगिन १०:५२ पासून १२:४८ पर्यंत अखंड. म्हणजे तो कागदही त्यांच्या विरोधातच बोलत होता. हजेरीपत्रकावर मात्र क यांच्या सहीपुढे सेक्रेटरींनी बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘विषय ६: बाहेर, १२.१५’.

आता १२.१५ ही घड्याळाची वेळ, आणि ट्रान्सक्रिप्टमधल्या वेळा रेकॉर्डिंग सुरू झाल्यापासूनच्या. दोन्ही जुळवायला लागतात. क्लाउड रेकॉर्डिंगच्या फाइलच्या नावातच सुरुवातीची वेळ असते, पण ग्रिनिचची:

```
GMT20250214-053440_Recording.transcript.vtt
```

०५:३४:४० मध्ये साडेपाच तास मिळवले की ११:०४:४०. ट्रान्सक्रिप्टमध्ये सहावा विषय सुरू होतो ००:५७:२० ला. बेरीज केली की १२:०२ येतात. सेक्रेटरींनी लिहिलंय १२.१५. तेरा मिनिटांचा फरक.

ट्रेनी म्हणाली की सेक्रेटरींनी अंदाजाने लिहिलं असेल. मला ते पटेना. सही घेताना समोरच्या घड्याळात बघून लिहिणारी बाई तेरा मिनिटं चुकत नाही. मग मी रेकॉर्डिंग ऐकायला घेतलं. ००:४८:३० ला अध्यक्ष म्हणतात, “चहा घेऊ या,” आणि पुढच्याच क्षणी ते म्हणतात, “हं, चला, पाचवा विषय.” चहाच्या वेळी कुणीतरी रेकॉर्डिंग थांबवून ठेवलं होतं. असं थांबवून पुन्हा सुरू केलं की फाइल एकच राहते, मधला वेळ तिच्यात नसतो आणि पुढच्या सगळ्या वेळा तेवढ्याने मागे पडतात. फाइलमध्ये त्याची काही खूण दिसत नाही. दोन ओळींमध्ये एखाद्या सेकंदाचं अंतर असतं, बस्स.

चहा किती वेळ चालला हे काढायला मी रिपोर्टमधल्या दोन घटना धरल्या, एक चहाआधीची आणि एक नंतरची. एक संचालक उशिरा जोडले गेले ते ११:१३:०२ ला, आणि त्यांचं “गुड मॉर्निंग” ट्रान्सक्रिप्टमध्ये ००:०८:२५ ला. म्हणजे चहाआधी ११:०४:४० मिळवायचे, ते बरोबर. दुसरे एक संचालक, त्यांना ज म्हणू, यांचं नेट पाचव्या विषयात गेलं. रिपोर्टमध्ये त्यांचं नाव १२:१०:३१ ला बाहेर पडतं आणि १२:११:४८ ला ‘iPhone’ नावाचं लॉगिन आत येतं. ट्रान्सक्रिप्टमध्ये iPhone चं “I am back” आहे ००:५३:५३ ला. वजाबाकी केली की ११:१७:५५. दोन आकड्यांतला फरक १३ मिनिटं १५ सेकंद, तोच चहाचा वेळ. आत आल्यावर माणूस बोलायला काही सेकंद घेतो, त्यामुळे एवढी चूक यात राहते, पण इतिवृत्तात आपण मिनिटच लिहितो. आता सहावा विषय सुरू झाला १२:१५ ला आणि संपला १२:२६ ला. सेक्रेटरींची नोंद अचूक होती.

मग त्या जागी कान लावला. ००:५७:२९ ला ट्रान्सक्रिप्टमध्ये क च्या नावापुढे असं वाक्य होतं:

```
Director K: me buy her time to
```

ट्रेनीने हे निरर्थक म्हणून गाळलं होतं. हेडफोन घालून ऐकलं तर ते होतं, “मी बाहेर थांबतो.” त्यामागे खुर्ची सरकल्याचा आणि दार लागल्याचा आवाज. ट्रान्सक्रिप्टची भाषा इंग्रजी ठेवलेली होती, त्यामुळे मराठीचं त्याने जमेल तसं इंग्रजी केलं. आपल्याकडच्या सभांत ठराव इंग्रजीत वाचतात, पण उठणं, बसणं, थांबणं, हो-नाही म्हणणं हे सगळं मराठीत होतं. नेमकं तेच कचऱ्यात जातं. म्हणून आता माझा नियम असा, की अर्थहीन ओळ ऐकल्याशिवाय खोडायची नाही.

पुढची अकरा मिनिटं मी तुकड्या-तुकड्याने ऐकली. एक्सेलमध्ये प्रत्येक तुकड्याला मूळ नावाचा एक रकाना, खरा बोलणारा कोण त्याचा दुसरा, आणि कशावरून ठरवलं त्याचा तिसरा. तिसऱ्या रकान्यातल्या कारणांत आवाज, संबोधन किंवा कागद यांपैकी काहीतरी असायलाच हवं. फायनान्सच्या साहेबांचा आवाज मला ठाऊक नव्हता, पण तिसऱ्या विषयात अध्यक्ष त्यांना पदाने हाक मारून आकडे सादर करायला सांगतात आणि ते सलग सहा मिनिटं बोलतात. तो नमुना ऐकून परत आले आणि ‘present is 22’ म्हणणारा आवाज लगेच ओळखला. अध्यक्षांचा आवाज तर सबंध सभाभर होता. तीन तुकडे मात्र दोघे एकदम बोलल्यामुळे लागेनात. तिथे ‘खोलीतील आवाज, अनिश्चित’ एवढंच लिहिलं. ०१:०८:४० ला क च्याच नावाखाली अध्यक्ष म्हणतात, “क साहेबांना आत बोलवा.”

मॅडमनी फायनान्सच्या साहेबांना फोन लावला. “हो, मीच बोलत होतो,” ते म्हणाले. “रूमची सिस्टीम चालू होईना, म्हणून क साहेबांच्या लॅपटॉपवरून चालवलं. ते बाहेर गेले, लॅपटॉप तसाच राहिला.” मॅडमनी ते ईमेलवर लिहून मागितलं आणि दहा मिनिटांत आलंही.

इतिवृत्तात शेवटी यातलं फार थोडं उतरलं. कोण काय बोललं ते तिथे लिहायचं नसतंच. क यांनी आपला हितसंबंध सांगितला, सभागृह सोडलं, चर्चेत व मतदानात भाग घेतला नाही, त्यांना या विषयाच्या गणपूर्तीत धरलेलं नाही, विषय संपल्यावर ते परतले. पाच ओळी. मूळ ट्रान्सक्रिप्टला आम्ही हात लावला नाही. दुरुस्त प्रत वेगळ्या नावाने ठेवली आणि सोबत एक पान जोडलं: लॅपटॉप कुणाचा होता, चहाची सव्वातेरा मिनिटं कशी काढली, कोणते तीन तुकडे अनिश्चित आहेत. अशा सभेचं रेकॉर्डिंग कंपनीला त्या वर्षाचं ऑडिट पूर्ण होईपर्यंत तरी जपावं लागतं. पुढे कुणी मूळ फाइल उघडून क चं नाव दाखवलं तर उत्तर त्याच फोल्डरमध्ये असावं.

राहिला iPhone. सहाव्या विषयात त्याच्या नावाने एक वाक्य होतं, “I have a reservation, but okay.” रिपोर्टमधल्या वेळांवरून तो ज च, यात शंका नव्हती. पण हा विरोध मानायचा की नाही, हे आम्ही ठरवू शकत नव्हतो. विरोध असेल तर कायद्याने त्यांचं नाव इतिवृत्तात यायला हवं. २८ तारखेला मसुदा पाठवताना मॅडमनी ज यांना ते वाक्य वेळेसकट लिहून विचारलं. संचालकांना मसुद्यावर म्हणणं मांडायला सात दिवस असतात. सहाव्या दिवशी त्यांचं उत्तर आलं: विरोध नव्हता, पण भाडेवाढ दर वर्षी ठरावीक टक्क्यांहून जास्त नसावी ही अट मी घातली होती आणि ती मान्य झाली होती, ती मसुद्यात दिसत नाही.

मी ०१:०६:१२ ला गेले. ट्रान्सक्रिप्टमध्ये तिथे iPhone च्या नावापुढे पुन्हा एक निरर्थक इंग्रजी ओळ होती. ऐकलं. अट मराठीत घातली होती, आणि अध्यक्षांनी “मान्य” म्हटलं होतं, क च्या नावाखाली. ठरावात ती ओळ घातली आणि मसुदा मॅडमकडे दिला.