98 टनांचा ऊस आणि माझं मेथड्स चॅप्टर

थेसिससाठी वाळवा आणि पलूस तालुक्यातल्या 60 ऊस शेतकऱ्यांकडून 2019-20 च्या हंगामाचं एकरी उत्पादन घेतलं होतं, 30 ठिबकवाले आणि 30 पाटपाण्याचे. बॉक्सप्लॉट काढला तर तीन आकडे लांब पडलेले, 410, 98 आणि 9. पहिल्या ड्राफ्टमध्ये मी एकच ओळ लिहिली, "आउटलायर काढून टाकले". गाइड मॅडमनी त्याखाली पेनाने रेघ ओढली न् विचारलं, कुठले, किती, कुठल्या गटातले, आणि हे कधी ठरवलंस? शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तरच नव्हतं, कारण ठरवलं होतं ते आकडे बघूनच.

मग तिन्हींच्या मागे लागले. 410 सोपं निघालं, कागदी फॉर्मवर 41.0 होतं, टाइप करताना पॉइंट राहिला. ते दुरुस्त केलं आणि आउटलायरमध्ये न धरता दुरुस्ती म्हणून वेगळं लिहिलं. 98 वाले ठिबकचे, त्या काकांनी रबर लावलेली कारखान्याच्या वजनकाट्याच्या पावत्यांची गड्डीच पुढे ठेवली, मी बसून बेरीज केली, भागिले एकर, 98 च. म्हणजे आकडा खरा आहे, बॉक्सप्लॉटच्या बाहेर पडला म्हणून तो खोटा होत नाही. 9 वाले पाटपाण्याचे, ऑगस्ट 2019 च्या पुरात रान कृष्णेच्या पाण्याखाली होतं, म्हणजे आकडा हाही खराच पण उत्पादन गेलं ते पुराने, पाटपाण्याने नाही.

आता खरी गोम अशी की दोन्ही आकडे एकाच बाजूला ओढतात, 98 ने ठिबकची सरासरी वर जाते, 9 ने पाटपाण्याची खाली. सगळे 60 धरले तर 47 विरुद्ध 41, फरक 6.0 टन, 95 टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल 0.8 ते 11.2. दोघं काढले की 45.2 आणि 42.1, फरक 3.1 आणि इंटरव्हल उणे 0.1 ते 6.3, म्हणजे फरक शून्य असण्याची शक्यताही त्यात आली. निम्मा फरक दोन रानांवर उभा होता!

मुख्य निकाल 60 चाच ठेवला, कारण पूरग्रस्त रानं वगळायची असं सिनॉप्सिसमध्ये कुठेच नव्हतं. मेथड्समध्ये लिहिलं की पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टाइलपासून आयक्यूआरच्या, म्हणजे त्या दोघांमधल्या अंतराच्या, दीडपटीपेक्षा बाहेर ते आउटलायर, हा नियम डेटा बघितल्यावर लावला, प्रत्येक गटातून एक केस, ही कारणं. टेबलात 60 आणि 58 चे निकाल शेजारीशेजारी, एन सकट. एक्सेलमधून ओळी डिलीट केल्या नाहीत, शेजारी 0/1 चा कॉलम टाकला, म्हणजे कुणालाही परत मोजता येतं.

निष्कर्षातलं "ठिबकने उत्पादन लक्षणीय वाढते" हे वाक्य मात्र काढावं लागलं. त्याजागी आता आहे, ठिबककडे सरासरी जास्त दिसते पण किती जास्त ते दोन केसेसवर अवलंबून आहे. लिहिताना जिवावर आलं, पण मॅडमनी दुसऱ्यांदा वाचताना त्या पानावर रेघ मारली नाही.